केप ३००० म्हणजे वादळ नक्की?

"आज नागपूरच्या सकाळच्या स्क्यू-टीवर दुपारचं ४२ डिग्री टाकून बघितलं, केप ३००० च्या वर! संध्याकाळी वादळ नक्की, बाकी काही बघायची गरज नाही."

नाही हो, नक्की नाही. केप म्हणजे हवेला वर उसळवू शकणारी साठलेली ऊर्जा, ती आहे म्हणून वादळ होईलच असं नाही.

पहिली गोष्ट, तापमान दुपारचं घेतलंत आणि ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो आकडा, पहाटे साडेपाचच्या हवामान बलूनचाच ठेवलात, सगळा घोळ इथेच आहे. स्क्यू-टी म्हणजे बलूनने वर जाताना मोजलेल्या हवेचा चार्ट, त्यावर उजवीकडची रेघ तापमानाची, डावीकडची ड्यू पॉइंटची. समजा जमिनीलगत ड्यू पॉइंट २१ आहे पण थोडं वर गेलं, ९०० हेक्टोपास्कलच्या आसपास, की डावी रेघ एकदम डावीकडे पळते आणि ८ वर येते. म्हणजे ओल फक्त पातळ थरात आहे. मे महिन्यात ऊन तापलं की वरची कोरडी हवा खाली घुसळली जाते आणि दुपारपर्यंत तोच ड्यू पॉइंट १२ वर येऊ शकतो. आता ४२ आणि १२ घेऊन पुन्हा काढा, केप हजाराच्या आत येईल. ढगाचा तळ पण बघा, तापमान आणि ड्यू पॉइंटमधल्या फरकाला साधारण १२५ ने गुणायचं, म्हणजे २१ धरला तर २६०० मीटर आणि १२ धरला तर ३७५० मीटर. एवढ्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेतच वाळतो, थंड झालेली हवा धाडकन खाली येते, म्हणून अशा दिवशी वीज आणि धुळीचा वारा मिळतो पण पाणी चार थेंब. ते धोक्याचंच आहे, पण वेगळं.

दुसरं, केप म्हणजे साठवलेलं इंधन, पेटवायचं कोणी? मिसळलेल्या ड्यू पॉइंटपासून, म्हणजे १२ पासून, मिक्सिंग रेशोच्या, म्हणजे हवेतल्या वाफेच्या प्रमाणाच्या रेघेने वर जा, तापमानाच्या रेघेला जिथे लागेल तिथून कोरड्या अ‍ॅडिअ‍ॅबॅटने, म्हणजे ढग नसलेली हवा वर-खाली जाताना जशी थंड-गरम होते त्या रेघेने, परत जमिनीवर उतरा. जे तापमान येईल ते कन्व्हेक्टिव्ह टेंपरेचर. समजा ४४ आलं आणि कमाल अंदाज ४२ चा आहे, तर नुसत्या उन्हाने वरच्या उबदार हवेचं झाकण उघडणार नाही, हवा खालून ढकलणारं काहीतरी लागेल.

विदर्भात ते ढकलणं बऱ्याचदा बंगालच्या उपसागरावरून येणारी ओली हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा जिथे भिडते त्या पट्ट्यात होतं. आणि अशा दिवशी ओल खोल असते, दोन्ही रेघा ८५० हेक्टोपास्कलपर्यंत एकमेकींच्या जवळ राहतात, म्हणजे घुसळून पण ड्यू पॉइंट फार पडत नाही. तेव्हा तुमचा ३००० चा आकडा मी पण गंभीरपणे घेईन, आणि खालचा-वरचा वारा किती बदलतोय तेही बघेन, कारण वारा वर वाढत गेला तर वादळ जास्त वेळ टिकतं.

दुपारी दोनला ड्यू पॉइंट पुन्हा बघा, १५ च्या खाली उतरला असेल तर सकाळचा आकडा सोडून द्या.