तास बुडण्याआधीची दोन मिनिटं

“ऑटिस्टिक मुलांना साध्या शाळेत घालणं म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्याय. एक मूल किंचाळतं आणि अख्ख्या वर्गाचा तास बुडतो. त्याला वेगळे नियम लावले की इतरांची शिस्त बिघडते. शिक्षक काही थेरपिस्ट नाहीत. आणि या मुलांना मित्र नकोच असतात, ती आपल्याच जगात असतात. मग हा हट्ट कशासाठी?” (सध्या फिरत असलेला संदेश)

तासापासून सुरुवात करते, कारण ती तक्रार खोटी नाही. तास बुडतो. पण कधी आणि कशाने, हे नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही. विशेष शिक्षिका म्हणून शाळेत गेले की वर्गशिक्षकांकडे मी आधी एवढंच मागते: पुढचे दोन आठवडे, दर घटनेला एक ओळ आणि तीन रकाने. आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं.

तिसरीतला एक मुलगा घ्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बाईंचं म्हणणं, “कधीही, कशावरूनही किंचाळतो.” वही भरत गेली तसं दिसलं की बहुतेक घटना तास बदलतानाच्या होत्या, त्यातही चित्रकला संपून भाषेचा तास लागतानाच्या. त्या दोन मिनिटांत काय होतं? घंटा वाजते, बाक सरकतात, सगळे एकदम बोलू लागतात आणि त्या गलक्यात सूचना येते: “चित्रं आत ठेवा, पुस्तक काढा, पान ४२ उघडा, गृहपाठाची वही वर ठेवा.” त्याचं चित्र अर्धवट राहिलेलं. ऐकलेलं समजून घ्यायला त्याला जास्त वेळ लागतो, त्यामुळे पहिली सूचना पोचते तोवर चौथी येऊन गेलेली असते. मग बाई तेच वेगळ्या शब्दांत सांगतात आणि त्याच्या लेखी ती पाचवी सूचना होते. त्यानंतर किंकाळी.

खरी गोम तिसऱ्या रकान्यात होती. किंचाळला की त्याला व्हरांड्यात उभं करत. शिक्षा म्हणून. पण व्हरांड्यात शांतता होती आणि नको असलेला तासही टळत होता. यात लबाडी नाही. गोंगाटातून सुटायचा हा एकच मार्ग हमखास चालतो, एवढं तो शिकला होता, आणि ते शाळेनेच त्याला शिकवलं होतं.

मग बदल केले ते किंकाळीवर नाही, त्याआधीच्या दोन मिनिटांवर. बाकावर दिवसाच्या तासांची चित्रपट्टी चिकटवली, झालेला तास तो स्वतः खोडायचा. घंटेच्या पाच मिनिटं आधी त्याला हळूच सांगायचं, आणि अर्धवट चित्र कुठे ठेवायचं व पुन्हा कधी मिळेल हेही दाखवायचं. एका वेळी एकच सूचना, मग मनात दहा अंक मोजून थांबायचं. पुन्हा सांगावं लागलंच तर त्याच शब्दांत. घंटेच्या जरा आधी चित्रांचा गठ्ठा कपाटात ठेवून यायचं काम त्याच्याकडे दिलं, म्हणजे बाक सरकताना तो तिथे नसायचा. आणि एक “थांबा” कार्ड दिलं: ते दाखवलं की वाळूचं घड्याळ उलटं करून तीन मिनिटं कोपऱ्यात बसता येतं.

पहिल्या आठवड्यात तो ते कार्ड सारखंच दाखवत सुटला. नेमक्या याच वेळी बहुतेक शाळा कार्ड काढून घेतात आणि “हे चालत नाही” असा निष्कर्ष काढतात. खरं तर किंचाळण्याऐवजी तो सांगू लागला होता. कार्ड ठेवलं, फक्त परतल्यावर काम तिथेच वाट पाहत असे, दहा प्रश्नांऐवजी दोनच. म्हणजे विश्रांती मिळायची, पण तास टळायचा नाही. वापर हळूहळू उतरला. किंकाळ्या अगदी थांबल्या नाहीत: बदली शिक्षक आले की चित्रपट्टी लावायची राहायची आणि त्या दिवशी वहीत ओळ हमखास असायची. नंतर पट्टीवर “आज बदल” असं एक चित्र वाढवलं. वार्षिक कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरवर मात्र काही उपाय सापडला नाही. त्या वेळी तो वाचनालयात बसतो.

बाकीच्यांच्या अभ्यासाचं म्हणाल, तर २००७ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी यावरचे २६ अभ्यास एकत्र तपासले. विशेष गरजा असलेली मुलं वर्गात असण्याने इतरांवर काय परिणाम होतो, याचे त्यातले ८१ टक्के निष्कर्ष एकतर चांगला परिणाम किंवा काहीच फरक नाही, असे होते. उरलेले प्रतिकूल निष्कर्ष मी झाकत नाही. आणि शेजारच्या मुलाला फटका बसला असेल तर “समजून घे” म्हणून त्याची बोळवण करू नये. त्याची जागा बदलावी, त्याच्या घरी कळवावं.

वेगळ्या नियमांबद्दल थोडक्यात. “त्याला का उठू देता?” असं मुलं विचारतातच. “त्याला आवाजाचा त्रास होतो. तुला काही त्रास होत असेल तर तूही सांग,” हे उत्तर पुरतं. घरच्यांनी परवानगी दिल्याशिवाय निदान सांगायची गरज नाही. काही वर्गांत कार्ड सगळ्यांनाच देतात. चार दिवस झुंबड उडते, मग नवलाई संपते. मुलांना खटकतो तो कारण न सांगता केलेला फरक.

शिक्षक थेरपिस्ट नाहीत, हे शंभर टक्के मान्य. पण वर दिलेल्यात थेरपी कुठे आहे? पट्टी, पूर्वसूचना, कमी शब्द, थांबणं. मोठ्या वर्गात, दुसरं मोठं माणूस नसताना, दोन आठवडे नोंदी ठेवणं हे जादा काम आहे आणि त्यासाठी वेळ काढून द्यायला हवा. जी मुलं वर्गातून पळून जातात किंवा स्वतःला इजा करतात, त्यांना तर दुसऱ्या माणसाशिवाय वर्गात ठेवूच नये. काही मुलांना वेगळी शाळाच मानवते, हेही मी पालकांना सांगते. तो निर्णय मुलागणिक घ्यायचा असतो, सरसकट नाही.

राहिली मैत्री. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंनी असते. २०२० च्या एका प्रयोगात आठ-आठ प्रौढांच्या साखळ्यांतून एक गोष्ट कानोकान पुढे पाठवली गेली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत.

शाळेत मात्र मैत्री म्हणून बहुतेकदा एक “समजूतदार” मुलगी त्याच्या शेजारी बसवली जाते. वर्षभर. तीच त्याची वही शोधते, तीच त्याला शांत करते, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. ही मैत्री नव्हे, बिनपगारी नोकरी. त्यापेक्षा ठरलेल्या भूमिका असलेलं काम बरं चालतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांनी लेगोच्या ठोकळ्यांवर अशी पद्धत बसवली: एकाने आराखडा वाचायचा, दुसऱ्याने ठोकळे शोधून द्यायचे, तिसऱ्याने जोडायचे, मग भूमिका बदलायच्या. बोलावं लागतं, पण कशाबद्दल बोलायचं ते समोर ठेवलेलं असतं. त्या तिसरीतल्या मुलाच्या गटात दोघे स्वतःहून आले, ठोकळे आवडतात म्हणून. मधल्या सुट्टीत तो अजूनही बहुधा एकटाच असतो. गटाच्या दिवशी मात्र ते दोघे त्याला बोलवायला येतात, कारण आराखडा त्याच्याइतका पटकन कोणालाच वाचता येत नाही.