लसीकरण कार्डाचा फोटो: पुढची तारीख जन्मतारखेवरून मोजू नका

«लसीकरण कार्डाचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कार्ड जवळ नसलं तरी काम भागतं. ज्या रकान्यात तारीख आहे तो डोस झाला, जो रिकामा आहे तो राहिला. पुढच्या तारखा जन्मतारखेवरून मोजा: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने. मध्ये एखादी तारीख चुकली तर सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागतात. सगळ्या आईबाबांना पाठवा.»

आईबाबांमध्ये फिरणाऱ्या या संदेशातलं आधी शेवटून दुसरं वाक्य घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. दोन महिने उशीर झालेली आई हे वाचते आणि सत्रावर यायचं टाळते. आता बाळाला पुन्हा पहिल्यापासून सगळ्या सुया टोचणार, असं तिला वाटतं. तसं कुणी करत नाही. झालेला डोस उशिरामुळे वाया जात नाही. शरीराने त्याची ओळख ठेवलेली असते आणि पुढचा डोस त्याच ओळखीवर चढतो. त्यामुळे जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करायचं, एवढंच. मधल्या काळात बाळाला पूर्ण संरक्षण नसतं, म्हणून उशीर टाळायचा. पण पाच आजारांवरच्या पेंटा लशीचा पहिला डोस झाला असेल तर चार महिन्यांनी आलात तरी तो पहिलाच राहतो आणि त्या दिवशी दुसरा मिळतो.

आता मोजणी. आपण बोलताना दीड, अडीच, साडेतीन महिने म्हणतो, पण वेळापत्रकात आहेत ६, १० आणि १४ आठवडे, म्हणजे ४२, ७० आणि ९८ दिवस. साडेतीन महिने दिवसांत मोजले तर १०५च्या पुढे जातात. हा आठवडाभराचा फरक फार बिघडवत नाही. बिघडवते ती दुसरी गोष्ट. प्रत्येक डोसला दोन अटी असतात: बाळाचं कमीत कमी वय, आणि त्याच लशीच्या आधीच्या डोसपासून कमीत कमी अंतर. दोन्ही अटींच्या तारखा काढायच्या आणि त्यातली जी नंतर येते ती धरायची. सगळं वेळेवर चाललेलं असतं तेव्हा दोन्ही तारखा एकच येतात, म्हणून जन्मतारखेवरून मोजणाऱ्याला आपण बरोबर आहोत असं वाटत राहतं. एक डोस पुढे गेला की हिशेब चुकतो.

तोंडावाटे द्यायचा पोलिओ, पेंटाव्हॅलेंट आणि जुलाबावरची रोटा यांच्या दोन डोसांत किमान ४ आठवडे, म्हणजे २८ दिवस लागतात. न्यूमोनियावरची पीसीव्ही आणि एफआयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) यांच्या पहिल्या दोन डोसांत ८ आठवडे. म्हणजे एकाच दिवशी सुरू झालेल्या पाच लशींची पुढची तारीख एकच नसते. कार्डाचा फोटो वाचताना खरी गफलत इथेच होते, म्हणून एक कार्ड पूर्ण उलगडून दाखवते.

बाळाचा जन्म १० जानेवारी २०२५चा. फोटोत जन्माच्या ओळीत बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस, दोन्हीपुढे १०/१. कावीळ ब च्या रकान्यावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला. दीड महिन्याच्या ओळीत पाचही लशींपुढे एकच तारीख, ५/३ किंवा ८/३. अडीच महिन्यांच्या ओळीत पोलिओ, पेंटा, रोटा: तिन्हीपुढे ७/५, आणि त्याखाली फिकट २/४. साडेतीन महिन्यांच्या ओळीत एफआयपीव्हीच्या दुसऱ्या आणि पीसीव्हीच्या दुसऱ्या डोसपुढे ७/५. पुढे काही नाही.

आधी ५ की ८ ते ठरवू. ७ मे २०२५ बुधवार होता, २ एप्रिलही बुधवार. ५ मार्च बुधवार येतो, ८ मार्च शनिवार. गावातलं सत्र ठरलेल्या वारी असेल तर आकडा ५ आहे. दुसरा पुरावा त्या फिकट तारखेचा: ५ मार्चनंतर बरोबर २८ दिवसांनी २ एप्रिल येतो. म्हणजे ती बोलावण्याची तारीख आहे, दिल्याची नाही. लस देणाऱ्या बऱ्याच ताई पुढची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवतात, डोस दिल्यावर पेनाने खरी तारीख घालतात. फोटो लहान करून पाठवला की पेन आणि पेन्सिल एकसारखेच दिसतात, आणि «तारीख आहे म्हणजे डोस झाला» म्हणणारा हा डोस २ एप्रिललाच झाला असं धरून चालतो. प्रत्यक्षात बाळ तेव्हा गावाबाहेर होतं आणि ते आलं ७ मे रोजी.

७ मेला काय झालं ते नीट बघा. पोलिओ, पेंटा आणि रोटाचा दुसरा डोस मिळाला, कारण पहिल्यापासून २८ दिवस कधीच उलटले होते. त्याच दिवशी एफआयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा डोसही मिळाला, कारण बाळ १४ आठवड्यांपेक्षा मोठं होतं आणि ५ मार्चपासून ८ आठवडे ३० एप्रिललाच पूर्ण झाले होते. ताईंनी एका फेरीत जे देता येईल ते सगळं दिलं, हे अगदी योग्य. पण त्यामुळे साडेतीन महिन्यांच्या ओळीत ७/५ अशी तारीख आली, आणि फोटो बघणाऱ्या नातेवाइकाने सगळी ओळ झाली असं सांगितलं. त्या ओळीतले पोलिओ, पेंटा आणि रोटाचे तिसरे डोस अजून बाकी होते. ओळ कधी वाचू नका, रकाना वाचा. एका ओळीत पाच लशी असतील तर पाच वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात.

तिसऱ्या डोसची तारीख किती? जन्मतारखेवरून ती १८ एप्रिल येते, म्हणजे दुसरा डोस मिळण्याच्याही आधी. कुणी म्हणेल, उशीर झालाच आहे तर लगेच पुढच्या आठवड्यात घेऊन टाकू. तेही नको. २८ दिवसांच्या आत दिलेला डोस धरला जात नाही, आधीच्या डोसला शरीराचा प्रतिसाद अजून चालू असतो. ७ मे अधिक २८ दिवस म्हणजे ४ जून २०२५, बुधवारच. त्या दिवशी किंवा त्यानंतर लवकरात लवकर.

गोवर-रुबेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे जन्मतारखेवरून मोजणंच बरोबर. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने राहतात आणि लस त्यांच्यापुढे फिकी पडते, म्हणून नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबतात. पेंटाला उशीर झाला म्हणून गोवर-रुबेला पुढे ढकलायची नसते. या बाळासाठी ती तारीख १० ऑक्टोबर २०२५. त्याच दिवशी पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस. एफआयपीव्हीचा हा तिसरा डोस २०२३पासून आला, त्यामुळे जुन्या छपाईच्या कार्डावर त्याला रकानाच नसतो. फोटो कितीही स्वच्छ असला तरी जो रकाना छापलेला नाही तो त्यात दिसणार नाही. मोठ्या भावंडाच्या कार्डावरून धाकट्याचा हिशेब करणारे इथे हमखास फसतात. पुढे १० मे २०२६पासून, म्हणजे १६ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर.

राहिला रिकाम्या रकान्याचा मुद्दा. समजा अंगठ्याखालचा कावीळ ब चा रकाना खरंच रिकामा निघाला. तरी तो «बाकी» या यादीत घालायचा नाही. तो डोस जन्मापासून २४ तासांत द्यायचा असतो, ती वेळ गेली की गेली. पेंटामध्ये कावीळ ब ची लस असतेच, तेव्हा बाळ त्यातून सावरतं. पोलिओचा शून्य डोसही पहिल्या १५ दिवसांपुरताच. बीसीजीचं तसं नाही: ती राहिली असेल तर वर्षाच्या आत घेता येते. जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते, इतरत्र तो रकाना कायम रिकामा राहतो. आणि जन्माच्या लशी खासगी दवाखान्यात झाल्या असतील तर नोंद डिस्चार्जच्या कागदावर असते, कार्डावर कुणी उतरवलेली नसते. म्हणून यादी करताना मी तीन गट करते: दिला, बाकी, आणि विचारायचं आहे. तिसऱ्या गटाची लाज वाटू देऊ नका. अंदाजाने «दिला» लिहिलेला एक डोस बाळाला खरोखर मुकवतो. कुठेच लेखी नोंद सापडली नाही तर वयात बसणारा डोस देतात, कारण एखादा डोस जास्त झाला तरी सहसा अपाय होत नाही.

पल्स पोलिओच्या दिवशी पाजलेले थेंब यात मोजू नका. ते जादा असतात, कार्डावरचा एकही रकाना त्यांनी भरत नाही.

फोटो ठेवूच नये असं मी म्हणत नाही. जरूर ठेवा. पण फोटो ज्या दिवशी काढला त्या दिवसापर्यंतचंच सांगतो. एप्रिलमधला फोटो मेमधला डोस दाखवणार नाही, आणि घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो असतात. कार्ड सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. एक पूर्ण कार्डाचा, ज्यात नाव आणि जन्मतारीख दिसते, आणि एक फक्त लशींच्या तक्त्याचा, घडीवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पेन्सिलीची रेघ टिकते. कार्डाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नका, पुढची तारीख त्यावर लिहिता येत नाही.

कार्ड हरवलंच तर फोटोच्या आधी आरोग्य केंद्रात विचारा. कार्डाचा एक भाग फाडून ताईंकडे ठेवलेला असतो आणि त्यावर त्याच नोंदी असतात. या बाळाच्या अंगठ्याखालचा रकाना आम्ही तिथूनच भरला: कावीळ ब, १०/१. ४ जूनला आई कार्ड घेऊन आली, तिन्ही तिसरे डोस झाले, आणि पेनाने तारखा घातल्यावर तिने जुना फोटो मोबाईलमधून काढून टाकला आणि तिथेच नवा घेतला.