सुट्टीच्या निरोपात निघालेल्या मुलांचा विचार हवा

आज सकाळी पावणेसातला शाळेचा निरोप आला, ‘अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळा बंद राहील, पालकांनी सहकार्य करावे.’ माझी चौथीतली मुलगी अर्ध्या तासापूर्वीच बसमध्ये बसली होती. बस शाळेच्या फाटकावरून परत फिरली आणि मुलांना आपापल्या थांब्यावर उतरवण्यात आले. तोवर आम्ही दोघेही कामावर निघालो होतो. शेजारच्या काकूंनी पाहिले नसते, तर ती त्या पावसात बंद दारापुढे उभी राहिली असती.

सुट्टी दिली याबद्दल तक्रार नाही, ती द्यायलाच हवी होती. राग निरोपाचा आहे. पहिली बस सव्वासहाला निघते, हे शाळेला ठाऊक असते. मग निरोप उशिरात उशिरा साडेपाचला यायला हवा. त्यानंतर निर्णय झाला, तर आलेल्या मुलांना आत घ्यावे, त्यांची हजेरी घ्यावी आणि पालक स्वतः येईपर्यंत त्यांना सोडू नये. शाळेतच पाणी शिरत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी रस्त्यावर पाणी चढत असताना मूल कोरड्या वर्गात असलेलेच बरे.

मुख्याध्यापकांनाही वरच्या आदेशाची वाट पाहावी लागते, हे मान्य. पण मग तेवढे तरी आदल्या रात्री कळवावे, म्हणजे आमच्यापैकी एकजण घरी थांबला असता.

उन्हाळ्यातही हेच होते. ‘शाळा सकाळी सातला भरेल’ एवढेच कळवतात. सुटण्याची आणि बसची वेळ त्यात नसते. शाळा साडेअकराला सुटली आणि बसची दुसरी फेरी साडेबाराला असली, तर त्या फेरीची मुले ऊन सर्वांत चढते तेव्हाच तासभर ताटकळतात. ती सावलीत कुठे बसतील आणि त्यांना पाणी कोण देईल, हे ठरवल्याशिवाय वेळ बदलण्याला अर्थ नाही.

दुपारी वर्गशिक्षिकांचा फोन आला. मूल घरी पोहोचले का, हे त्या एकेका घरी विचारत होत्या, आणि त्यांचा आवाज ऐकून मला पुढे काही बोलवले नाही. ही व्यवस्था त्यांच्या हातात नाही.

संध्याकाळी तोच निरोप कुणीतरी पुन्हा पाठवला. त्यावर तारीख नव्हती, त्यामुळे उद्याही सुट्टी आहे का, अशी विचारणा सुरू झाली. शेवटी मी शाळेला एक मसुदा पाठवला आहे. तुमच्याही शाळेला द्यावा, ही विनंती:

‘दिनांक व वार: … . सर्व वर्गांना, दोन्ही सत्रांना लागू. शाळेचा निर्णय पहाटे साडेपाचपर्यंत कळवू. तोवर निरोप आला नाही तर शाळा नेहमीप्रमाणे भरेल. नंतर सुट्टी जाहीर झाल्यास शाळेत पोहोचलेली मुले शाळेतच थांबतील आणि पालकांच्याच हाती सोपवली जातील. बसमधील मुलांसाठी संपर्क: … . आपल्या भागात पाणी साचले असल्यास मुलाला पाठवू नये, गैरहजेरी धरली जाणार नाही.’