काकांची वजाबाकी

बेंगळुरूहून ऑफर आली. हातात पडणारा पगार ८५ हजारांवरून १ लाख २० हजार (व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी वगैरे सीटीसी फुगवायचा मसाला वगळून, तेवढं कळतं मला). उत्तर शुक्रवारपर्यंत. नवऱ्याची नोकरी पुण्यात, लेक पहिलीत. म्हणजे ठरवायचं आम्ही दोघांनी, असं मला वाटत होतं.

काल खालच्या मजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले आणि नवऱ्याने हौसेने बातमी फोडली. काका बँकेतून रिटायर. त्यांनी पावती उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि सोफ्यावर मांडी ठोकली.

"पस्तीस वाढले. तिकडचं भाडं?"

"तीस असेल," नवरा म्हणाला. यालाही फार उत्साह.

"वजा तीस. महिन्यातून दोनदा विमानाने येणार, चौदा. पोरीला सांभाळायला बाई, बारा." काकांनी खाली दोन रेघा मारल्या. "अगं, ही नोकरी तुलाच महिन्याला एकवीस हजारांना पडतेय! आणि डिपॉझिट वेगळं, तिकडे पाच-पाच महिन्यांचं मागतात, आमच्या पुतण्याने तर भरून वर सोडताना रंगकामाचे पण दिले, तो हल्ली कुणाशी बोलतच नाही..." पुतण्या दहा मिनिटं चालला. मी चहा केला. का केला, माहीत नाही.

विचारलं, "पण काका, बाईचे बारा माझ्याच पगारातून का? पोरगी दोघांची आहे."

"तसं नसतं ते."

"तुमच्या बदल्या झाल्या तेव्हा काकूंनी शाळेची नोकरी सोडली, ते कुठे वजा केलं?"

"तिचा पगारच उरला नाही, मग वजा कसला करायचा?" काका खरोखर गोंधळले होते.

मागे नवऱ्याला हैदराबादची ऑफर आली होती ना, तेव्हा याच काकांनी पेढे मागितले होते, पेन खिशातच होतं. ती ऑफर याने त्याच्या बॉसवर भरवसा ठेवून सोडली, तो वेगळा विषय, पण हिशोब कुणी मांडला नव्हता. घराचे हप्ते, शाळा, बाई, सगळं दर वेळी बायकोच्याच पगारासमोर लिहायचं, मग ती कुठेही गेली तरी तोट्यातच जाणार. मला ४१ टक्के वाढ द्या नाहीतर ७० द्या.

मी पेन घेतलं आणि तेच छप्पन्न हजार नवऱ्याच्या पगारातून वजा केले. उरलेला आकडा बघून तो म्हणाला, "हे जरा अनफेअर आहे."

रात्री काकांचा मेसेज आला. बेंगळुरूतल्या लेडीज पीजींची यादी, साडेनऊनंतर गेट बंद असणाऱ्यांवर टिकमार्क केलेली.