माझा दोष एकच : मी फारच चांगला आहे

इंटरव्ह्यूत ‘तुमची कमजोरी काय?’ असं विचारलं की डोकं अजिबात चालवू नका. सरळ सांगा, ‘मी परफेक्शनिस्ट आहे.’ महापे एमआयडीसीतल्या आमच्या अकाउंट्स खात्यासाठी मी पॅनेलवर बसतो. गेल्या भरतीत सहापैकी चौघे परफेक्शनिस्ट निघाले. एवढी निर्दोष माणसं रोज कोपरखैरणे स्टेशनला उतरतात, तरी आमची खाती जुळत नाहीत!

धोका एकच. प्रश्न एचआरच्या मॅडम विचारतात, उत्तर लिहूनही घेतात. पण कोपऱ्यात मोबाइल चाळत बसलेले आमचे ऑडिटवाले मान वर न करता म्हणतात, ‘असं शेवटचं कधी झालं? काय बिघडलं त्यानं?’ इथे चौघांनीही पाण्याचा ग्लास उचलला. तुम्हीही उचला. सावकाश प्या. तोवर प्रश्न विसरतील कदाचित.

खरं बोलायची खुमखुमीच असेल तर कल्याणहून आलेल्या पाचव्याचा कित्ता गिरवा. ‘आकड्यांत माझी गफलत होते,’ म्हणाला. अकाउंट्सच्या जागेसाठी! आम्ही त्याला चहा पाजून पाठवलं.

ठाण्याच्या त्या मुलीसारखं मात्र चुकूनही करू नका. म्हणाली, ‘अडचण आली की मी वेळेवर सांगत नाही, एकटीच झगडत बसते.’ उदाहरण विचारलं, तर ग्लासाला हातही लावला नाही. ‘आधीच्या नोकरीत एका व्हेंडरचं बिल जीएसटीच्या १४ तारखेच्या टू-बी यादीत आलंच नव्हतं. त्यानं ११ तारखेपर्यंत आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं नव्हतं, म्हणजे त्या महिन्यात ते येणारच नव्हतं. तरी मी चार दिवस त्याला फोन करत राहिले. साहेबांना सांगितलं १९ला संध्याकाळी. २०ला थ्री-बी रिटर्न भरायचं होतं. त्या बिलावरच्या टॅक्सचं त्या महिन्याचं क्रेडिट गेलं ते गेलंच, वर तेवढा टॅक्स रोखीनं भरायला साहेबांना एका रात्रीत पैसे उभे करावे लागले. तेव्हापासून १५लाच न जुळलेल्या बिलांची यादी मेल करते. तोंडी सांगायला अजून जड जातं, म्हणून लेखी.’

मिनिटभरात संपलं. मॅडमनी ‘आणखी काही?’ म्हणून गळ टाकला, तर ‘नाही मॅडम, एवढंच.’ घरच्या अडचणी नाहीत, जुन्या साहेबांची निंदा नाही. ऑडिटवाल्यांनी मोबाइल पालथा ठेवला. उमेदवारानं पॅनेलला असं बेकार करून सोडणं शोभतं का?

आम्ही तिला घेतलं आणि मी फसलो. दर महिन्याच्या १५ला सकाळी साडेदहाला यादी हजर. १९च्या संध्याकाळी ‘मला आधी का नाही सांगितलं?’ म्हणून ओरडायची माझी बावीस वर्षांची सवय बंद पडली. परवा दारात येऊन विचारते, ‘सर, यादी बघितलीत?’

म्हटलं, बघतोय गं, जरा वेळ लागतो. परफेक्शनिस्ट आहे मी.