टेरेसला काच लावली म्हणून माझे सात लाख गेले

आज दुपारी बँकेतून फोन आला, "सर, व्हॅल्यूएशन थोडं कमी आलंय." थोडं! ५२ लाखाला ठरलेला फ्लॅट, टोकन देऊन झालेलं, आणि बँकेने पाठवलेल्या व्हॅल्यूअर साहेबांनी पंधरा मिनिटं घरात फिरून तो ४३ लाख २० हजारांचा करून टाकला.

ती पंधरा मिनिटं मी बघितलीत. आला, चपला पण काढल्या नाहीत, लेझरचं यंत्र भिंतीला टेकवून टुक टुक केलं, लाइटच्या मीटरचा फोटो, दारावरच्या नंबरचा फोटो, खाली जाऊन वॉचमनला विचारलं इथे काय भाव चाललाय, आणि गेला. वॉचमनला!! पाणी देऊ का विचारलं तर नको म्हणाला, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

एजंट म्हणाला होता ६१० कार्पेट. व्हॅल्यूअर म्हणतो ५४०, कारण उरलेले ७० फूट म्हणजे मंजूर नकाशातली उघडी टेरेस, जुन्या मालकाने काच लावून तिची स्टडी रूम केलेली. विकणारा त्याचे खोलीच्या भावाने पैसे घेणार, बँक शून्य धरणार. भाव लावला ८ हजार रुपये फूट, आजूबाजूचे नोंदणी झालेले व्यवहार बघून म्हणे. आता ज्या व्यवहारांत थोडे पैसे हातात दिले जातात ते कागदावर कमीच दिसणार ना, आणि तोच कागद माझ्या बोकांडी. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, एसी या सगळ्याची किंमत बँकेच्या लेखी भोपळा.

हिशोब करा. ३० लाखाच्या वर ७५ लाखापर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के. मी धरलेले ५२ चे ८० टक्के, म्हणजे ४१ लाख ६०. मिळणार ४३.२० चे, म्हणजे ३४ लाख ५६. सात लाख चार हजार हवेत विरले. वर स्टँप ड्युटी ५२ वरच भरायची, सात टक्के, ३ लाख ६४ हजार, आणि तीही त्या ८० टक्क्यांच्या हिशोबात धरत नाहीत. रिपोर्ट दाखवा म्हटलं तर "तो इंटर्नल असतो सर". फी मात्र माझ्याकडून, परत न मिळणारी. माझ्याच पैशाने माझाच पंचनामा आणि मलाच बघायला बंदी.

आता निघालंच आहे तर दिवाळीतलं पण सांगतो. धायरीत एक फ्लॅट आवडला होता, बिल्डिंग २०१३ ची, स्वस्त, हवेशीर, बायको पडदे पण ठरवून बसलेली. बँकेने बघायलाही माणूस पाठवला नाही, वकिलाच्या टेबलावरच मेला. तीन गुंठ्याचा तुकडा, सातबारावर चौदा नावं, एनए नाही, आणि चार मजल्यांच्या नकाशावर शिक्का ग्रामपंचायतीचा. गाव २०१७ ला महापालिकेत आलं म्हणून बिल्डर टॅक्सची पावती नाचवत होता. अरे बाबा, टॅक्स भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मागितलं की लगेच ह्याला दुसरा फोन येतो.

वकील म्हातारा होता पण सरळ बोलला, "तुम्ही राहायचं घर बघताय, बँक लिलाव बघते." तुम्ही हप्ते थकवले तर हा फ्लॅट विकायला काढायचा, घेणाऱ्यालाही कर्ज लागणार, त्याची बँक हेच कागद बघून नको म्हणणार, मग घेणार कोण? म्हणून काही भागच्या भाग निगेटिव्ह लिस्टमध्ये, मग त्यात एखादी बिल्डिंग चोख असली तरी जास्तीचे कागद आणि जास्तीच्या चकरा. ठीक आहे, पटलं. पण ती लिस्ट बाहेर लावा ना! फी भरल्यावर, तीन आठवडे झेरॉक्स काढल्यावर कशाला सांगता? आणि त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना कुठल्याशा पतसंस्थेने दिलंय कर्ज, दीडपट व्याजाने, ते जिन्यात भेटून मलाच धीर देत होते.

बायकोला हे सगळं तावातावाने सांगत होतो, टेरेस बंद करणाऱ्या माणसाच्या अकलेवर आलो तर तिने नुसतं समोर बोट केलं. मी बसलो होतो बाबांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग, २०१६ साली मीच बसवून घेतलेलं, सोसायटीने नोटीस दिली तेव्हा सेक्रेटरीशी भांडलो होतो, आणि हौसेने वर माळा पण काढलाय. बाबांचा फ्लॅट विकायला काढला तर याच हिशोबाने मलाच कमी पैसे येणार. गप्प बसलो.

गप्प म्हणजे दहा मिनिटं. मग मालकाला फोन केला, टेरेसचे पैसे कमी करा म्हणून, तर म्हणतो "काच इंपोर्टेड आहे."

आत्ता एजंटचा मेसेज आलाय: "सर टेन्शन नका घेऊ, दुसऱ्या बँकेचा व्हॅल्यूअर आपला आहे." आपला म्हणे. त्याची फी वेगळी.