बहात्तरचा दुष्काळ ‘भीषण’ होता, म्हणजे नेमका किती?

इतिहासाचे निबंध तपासताना ‘भीषण, प्रदीर्घ आणि दूरगामी परिणाम करणारा’ ही शब्दांची माळ दिसली की माझी लाल पेन्सिल आपोआप उठते. बहात्तरच्या दुष्काळावर लिहिणारी बहुतेक मुलं हीच माळ घालतात. व्याप्ती, कालावधी आणि परिणाम या तिन्ही कसोट्या एका वाक्यात उरकल्या जातात. पण या तीन कसोट्या एका दिशेला बोट दाखवत नाहीत, आणि या दुष्काळात तर त्या उघड भांडतात. निबंधाचा खरा जीव त्या भांडणात आहे.

आधी व्याप्ती. ती कशात मोजायची? मृत्यूंत मोजली तर १८७६-७८ च्या दुष्काळापुढे बहात्तर लहान वाटतो. तेव्हा दख्खन आणि दक्षिण भारतात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेल्याचे अंदाज आहेत. बहात्तरमध्ये तशी लाट आली नाही. पण पिकांत मोजा. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्राचं धान्य उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं. कामावर आलेल्या माणसांत मोजा. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख लोक होते आणि १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या होती सुमारे पाच कोटी. म्हणजे शहरं धरूनही दहातला एक माणूस एकाच वेळी खडी फोडत होता किंवा नालाबांध, पाझर तलाव, रस्त्यावर माती टाकत होता. घरोघरी आठवण निघते ती मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची, ती यामुळेच. मृत्यूंचा आकडा लहान दिसतो, कारण कामांचा आकडा इतका मोठा होता. हे एक वाक्य ज्याने लिहिलं त्याला मी गुण देताना हात आखडत नाही. मात्र ‘कोणीच मेलं नाही’ असं लिहू नये. त्या काळात मृत्यूदर वाढला होता, हे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे.

कालावधीत तर पहिली मेख नावातच आहे. बहात्तर म्हणतो म्हणून एका वर्षाचा धरायचा का? अनेक जिल्ह्यांत १९७० पासूनच पाऊस दगा देत होता. बहात्तर हे त्या मालिकेतलं सर्वांत वाईट वर्ष. पहिल्या दोन वर्षांत कणग्या रिकाम्या झाल्या, बैल विकले गेले, म्हणून तिसऱ्या वर्षी माणसं उघडी पडली. १९७३ ला पाऊस बरा झाला आणि दुष्काळ संपला, पण तो आभाळाचा. विकलेली बैलजोडी पुन्हा दावणीला यायला किती हंगाम लागले, हा प्रश्न कालावधीत धरायचा की परिणामांत? माझं मत, परिणामांत. नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि घटना उगाच फुगते.

आता परिणाम. इथे सगळे एकाच वाक्यावर येतात: ‘या दुष्काळामुळे रोजगार हमी योजना आली.’ मला हे वाक्य अर्धं पटतं. कल्पना दुष्काळाच्या आधीची आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला होता. तेव्हा ‘दुष्काळ नसता तर?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. माझ्या मते कल्पना तरीही राहिली असती, कदाचित काही तालुक्यांपुरती. दुष्काळाने दिली ती वेगळी गोष्ट: लाखो लोकांना हजेरीपटावर घेऊन आठवड्याचा पगार वाटणं सरकारी यंत्रणेला जमतं, याचा पुरावा. त्या पुराव्याशिवाय राज्याचा १९७७ चा रोजगार हमी कायदा इतक्या सहज झाला असता असं मला वाटत नाही. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा एक मोठा धागा इथेच येऊन मिळतो. पण दुष्काळ ते २००५ अशी सरळ रेघ ओढली की मधली तीस वर्षांची आंदोलनं, निवडणुका, न्यायालयं सगळी पुसली जातात. घटना जितकी दूर, तितका तिचा वाटा कमी धरावा.

म्हणून मला असा परिच्छेद वाचायला आवडेल: मृत्यूंच्या मापाने १८७६ मोठा, कालावधीने दोघेही एकाहून अधिक वर्षांचे, तरीही आजच्या ग्रामीण मजुराच्या हक्काच्या दृष्टीने बहात्तर अधिक महत्त्वाचा, कारण त्याने कल्पना जन्माला घातली नाही पण ती राज्यभर चालते हे सिद्ध केलं. एखाद्याने उलट बाजू मांडली, आणि १८७६ नंतर आलेल्या १८८० च्या दुष्काळ आयोगाला व त्यानंतरच्या दुष्काळ संहितांना, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याच्या नियमावल्यांना, जास्त वजन दिलं, तरी माझी हरकत नाही. कामं काढून मजुरी द्यायची ही चौकट तिथूनच तर आली होती, आणि मग बहात्तरचं श्रेय आणखी थोडं वाटून घ्यावं लागेल.